सर्व्हर बसला की घरचं नेट?

रात्री नवाच्या सुमाराला जळगावात बहिणीकडे जेवायला गेलो होतो. भरीत-भाकरीचं ताट समोर आलं आणि आतल्या खोलीतून ऑनलाइन गेम खेळणारा भाचा ओरडला, "मामा, सर्व्हर बंद पडी गया!" मी केबल-नेटची कामं करतो, त्यामुळे ही आरोळी मला रोज फोनवरही ऐकू येते. दहातल्या सात-आठ वेळा सर्व्हर बिचारा ठणठणीत असतो.

आधी पडद्यावर काय दिसतंय ते बघायचं. नेट तुमचं अडखळत असेल, तर तुमचा गडी तुमच्या बोटाबरोबर हलत राहतो, कारण ती हालचाल गेम आधी तुमच्याच मशिनवर दाखवतो आणि सर्व्हरची मंजुरी नंतर येते. मंजुरी वेळेत आली नाही की तुम्ही भिंतीआड पोचलात असं दिसतं आणि पुढच्या क्षणी कुणीतरी कॉलर धरून मागे ओढल्यासारखे परत उघड्यावर येता. समोरचे खेळाडू एक तर जागच्या जागी पाय मारतात किंवा सरळ रेषेत पळत सुटतात आणि एकदम भलतीकडेच उगवतात. ते नवीन कुठे आहेत हे कळलेलं नसतं, म्हणून गेम अंदाजाने त्यांना पुढे ढकलत असतो. सगळ्यात पक्की खूण म्हणजे परत जोडल्यावर सामना तुमच्याविना पुढे गेलेला असतो आणि तुम्ही मेलेले असता.

सर्व्हर धापा टाकत असेल तर लक्षण उलटं. दहाच्या दहा जण एकाच वेळी अडखळतात. चॅटमध्ये शत्रूच्या गोटातलेही कुरकुरायला लागतात. सर्व्हर पडलाच, तर सामना सगळ्यांचाच तुटतो. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही.

लॉगिनच होत नसेल तर गोष्ट वेगळी. लॉगिन, मित्रयादी आणि प्रत्यक्ष सामना हे बहुतेक वेळा वेगवेगळ्या यंत्रणांवर चालतात. २० ऑक्टोबर २०२५ ला, ऐन दिवाळीच्या सुट्टीत, ॲमेझॉनच्या क्लाउडच्या अमेरिकेतल्या एका विभागात बिघाड झाला आणि फोर्टनाइट, रोब्लॉक्स खेळणाऱ्यांची पंचाईत झाली. घरचं नेट धडधाकट असूनही असं होऊ शकतं. अशा वेळी राउटर दहादा बंद-चालू केला तरी काही फरक पडत नाही.

"पण मामा, व्हॉट्सॲप तं चालू शे!" हा भाच्याचा पुढचा मुद्दा, आणि सगळ्यात जास्त फसवणारा. व्हॉट्सॲपचा मेसेज दोन सेकंद उशिरा पोचला तर कुणाला कळतही नाही. यूट्यूब व्हिडिओचा पुढचा भाग आधीच साठवून ठेवतं. गेमला मात्र सेकंदात वीस-तीस किंवा त्याहून जास्त वेळा छोटी छोटी पाकिटं पाठवायची-घ्यायची असतात आणि उशिरा आलेलं पाकीट त्याच्या काही कामाचं नसतं. म्हणून बाकी सगळं चालू असताना फक्त गेम मरतोय, याचा अर्थ सर्व्हर पडला असा होत नाही. शंभर एमबीपीएसचा प्लॅनही याचं उत्तर नाही.

मग जेवण बाजूला ठेवून त्याच्या संगणकावर कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडली. `ipconfig` दिलं, त्यात `Default Gateway` पुढे राउटरचा पत्ता मिळाला. मग दोन खिडक्यांत एकेक आज्ञा सोडली:

```
ping -n 50 192.168.1.1
ping -n 50 8.8.8.8
```

पहिली आज्ञा संगणक ते राउटर एवढाच टप्पा मोजते. दुसरी राउटरच्या बाहेर, गूगलच्या एका पत्त्यापर्यंत. राउटरचा आकडा एक-दोन मिलिसेकंद, पन्नासही उत्तरं आली. म्हणजे वायफाय निर्दोष. इथेच मधूनमधून दोनशे-तीनशे दिसले असते किंवा दोन-चार उत्तरं गळाली असती, तर दोष वायफायचा होता आणि लॅनची वायर लावून तो मिटला असता. दुसऱ्या खिडकीत मात्र चारशेच्या आसपास आकडे नाचत होते. सकाळी हाच आकडा पंचवीस असतो, हे त्यालाच पाठ होतं.

कारण निघालं ओसरीवर. बहिणीने लग्नाचे सगळे फोटो-व्हिडिओ मोबाइलवरून क्लाउडवर चढवायला लावले होते. बाहेर जाणारा रस्ता तिच्या फाइलींनी भरला की राउटर बाकीच्यांना रांगेत उभं करतो. रावेरच्या बाजूने केळीचे ट्रक रेल्वे फाटकाशी लागले की मागची मोटारसायकलही अडकते, तसंच हे. अपलोड थांबवलं आणि दहा सेकंदांत आकडा सव्वीसवर आला. भाचा एकदम गप्प. अपलोड रात्री झोपताना लावायचं ठरलं.

आता समजा दोन्ही खिडक्या स्वच्छ असत्या आणि गेम तरीही चालला नसता, तर? तेव्हा मोबाइलचा हॉटस्पॉट लावून तोच गेम उघडायचा. तिथेही तीच चूक दिसली तर संशय सर्व्हरवर जातो. हॉटस्पॉटवर चालला आणि घरच्या नेटवर नाही, तर घर आणि सर्व्हर दोन्ही ठीक असून दोष मधल्या वाटेचा, म्हणजे केबलवाल्याचा किंवा त्याच्याही पुढचा.

इथे साक्षीदार निवडताना चूक होते. "गल्लीत पाच जणांचं बंद आहे, म्हणजे सर्व्हरच" असं पोरं म्हणतात. अरे, पाचही जण एकाच केबलवाल्याचे! ती साक्ष एकाच माणसाची धरायची. धुळ्यातला किंवा नंदुरबारचा मित्र, आणि तोही दुसऱ्या कंपनीच्या नेटवर असेल, तरच त्याच्या "माझंही बंद आहे"ला वजन. तक्रारी मोजणाऱ्या संकेतस्थळांचंही तेच. तिथला आलेख लोकांनी केलेल्या तक्रारींचा असतो, सर्व्हरच्या तपासणीचा नसतो. गेमच्या कंपनीचं स्वतःचं स्टेटसचं पान आधी बघावं, फक्त ते कधीकधी उशिरा जागं होतं.

आणखी एक खबरदारी. काही जण गेमच्या सर्व्हरचाच पत्ता शोधून त्याला पिंग मारतात आणि `Request timed out` दिसलं की निकाल देऊन मोकळे. पुष्कळ सर्व्हर पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत. गेम मजेत चालू असतानाही तीच ओळ दिसेल.

लाइट गेल्यावरचा घोळ आमच्या भागात नेहमीचा. इन्व्हर्टरवर राउटर चालू राहतो, वायफायच्या दांड्या पूर्ण दिसतात, पण केबलवाल्याच्या यंत्राला पुढे वीज नसते. त्या वेळी फायबरच्या डबीवर `LOS` चा लाल दिवा बघायचा. तो लागला म्हणजे तारेतून उजेडच येत नाहीये: एक तर तार कुठेतरी तुटली किंवा पलीकडचं यंत्र झोपलं. मग गेम उघडून बघायचीही गरज नाही.

केबलवाल्याला फोन करायची वेळ आलीच, तर "नेट स्लो आहे" एवढंच सांगू नका. तो राउटर बंद-चालू करायला सांगेल आणि फोन ठेवेल. त्याऐवजी दोन्ही खिडक्यांचा फोटो, वेळ, आणि हॉटस्पॉटवर गेम चालतो का ते, एवढं पाठवा. राउटरपर्यंत दोन मिलिसेकंद आणि बाहेर पन्नासातली आठ उत्तरं गळतात, असं पुढ्यात दिसलं की आमच्यातलाही आळशी माणूस शिडी उचलतो.