आगाऊ वर्गणी कमाई केव्हा होते?

वर्षभराची वर्गणी एकरकमी घेतली, तर ती त्याच दिवशी उत्पन्नात धरायची की महिन्यामहिन्याने? आज हिशेबनीस दुसरं उत्तर देईल आणि त्यात विशेष काही आहे असं त्याला वाटणारही नाही. पण अमेरिकेत या प्रश्नावर १९५७ ते १९६३ या सहा वर्षांत तीन वेळा सर्वोच्च न्यायालयात भांडण झालं, आणि तिन्ही वेळा महिन्यामहिन्याने धरणारे हरले. ते का हरले हे कळलं की आजच्या नियमाची भाषा तशी का आहे हेही उलगडतं.

पहिलं प्रकरण मिशिगनच्या ऑटोमोबाइल क्लबचं. सभासद वर्षाची वर्गणी आधी भरत. त्या बदल्यात गाडी रस्त्यात बंद पडली तर ओढून नेणं, नकाशे, प्रवासाचे मार्ग आखून देणं अशा सेवा मिळत. क्लब आलेली रक्कम ‘न कमावलेली वर्गणी’ या खात्यात जमा करी आणि दर महिन्याला तिचा बारावा हिस्सा उत्पन्नात घेई. कर खात्याला हे मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं, पैसा क्लबच्या बँक खात्यात आहे, तो हवा तसा वापरायला क्लब मोकळा आहे, मग उत्पन्न याच वर्षाचं. १९५७ साली न्यायालयाने कर खात्याची बाजू घेतली. त्यामागचं कारण लक्षात ठेवण्यासारखं आहे. क्लबची सेवा सभासदाने मागितली तरच द्यायची असते. एखादा सभासद जानेवारीत तीनदा गाडी ओढून न्यायला बोलावेल, दुसरा वर्षभर फोनही करणार नाही. मग दरमहा बारावा हिस्सा ‘कमावला’ म्हणण्याला आधार काय? ही वाटणी निव्वळ कृत्रिम आहे, असं न्यायालयाने म्हटलं.

१९६१ साली अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन तयारीनिशी उतरली. एकेका सभासदाचं सांगता येत नसलं, तरी लाखो सभासद मिळून दर महिन्याचा खर्च साधारण किती येतो हे त्यांनी आकडेवारीने दाखवलं. निकाल पाच विरुद्ध चार असा विरोधातच गेला. १९६३ साली एका नृत्यवर्गाच्या चालकांचंही तेच झालं. शिकवणीचे तास विद्यार्थ्याच्या सोयीने ठरत, त्यामुळे आगाऊ फी पुढच्या वर्षात ढकलता येत नाही, असं ठरलं. तोही निकाल पाच विरुद्ध चार. दोन्ही वेळा विरोधी मत न्यायमूर्ती स्टुअर्ट यांनी लिहिलं. माझ्या मते हिशेबाच्या दृष्टीने बरोबर तेच होते. ज्या वर्षात खर्च पडणार, त्या वर्षासमोर त्याची वर्गणी ठेवली नाही, तर एका वर्षी फुगलेला नफा आणि दुसऱ्या वर्षी खोटा तोटा दिसतो.

अमेरिकी संसदेचं वागणं या काळात धरसोडीचं होतं. १९५४च्या करकायद्यात तिने आगाऊ उत्पन्न पुढे ढकलायची मुभा दिली, आणि महसूल फारच बुडेल या धास्तीने पुढच्याच वर्षी पूर्वलक्षी प्रभावाने काढून घेतली. मग १९५८ साली वृत्तपत्रं आणि नियतकालिकांच्या वर्गणीपुरती सवलत परत आली, १९६१ साली मोटार क्लबांसारख्या सभासद संस्थांसाठी. नियतकालिकांना ती आधी मिळाली याचं मला नवल वाटत नाही. तिथे सेवा कधी पुरवली हा वादच उरत नाही. अंक पोस्टात पडला की त्या अंकाचे पैसे कमावले.

कराचा हिशेब आणि भागधारकांसाठीचा हिशेब या वाटेवर वेगळे झाले. लेखापालांनी बारावा हिस्सा कधीच सोडला नाही, पण ‘कृत्रिम’ या शब्दाला पक्कं उत्तर मिळायला बराच काळ गेला. २८ मे २०१४ रोजी उत्पन्न केव्हा धरायचं याबद्दल अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय लेखा मानक मंडळांनी एकत्र तयार केलेलं मानक आलं. आंतरराष्ट्रीय मानकाचं नाव आयएफआरएस १५, अमेरिकी नियमाचं एएससी ६०६. त्यात ‘सज्ज राहण्याचं दायित्व’ ही कल्पना स्पष्ट मांडली आहे, आणि तिथलं उदाहरण व्यायामशाळेचं आहे. सभासद महिन्यातून वीसदा येवो की एकदाही न येवो, व्यायामशाळा रोज उघडी ठेवणं हीच त्याला विकलेली सेवा. ती दररोज सारखीच पुरवली जाते, म्हणून फी वर्षभर समान वाटायची. मिशिगनच्या क्लबच्या वकिलांना नेमकं हेच म्हणायचं होतं: गाडी ओढणारा ट्रक सभासदासाठी तयार उभा आहे, तो निघो वा न निघो.

भारतात आगाऊ वर्गणी काळानुसार वाटायचा विचार त्याआधीच, १९८५च्या लेखा मानक ९ मध्ये आला होता. नव्या मानकाचं भारतीय रूप, इंड एएस ११५, मोठ्या कंपन्यांना १ एप्रिल २०१८पासून लागू झालं. इतरांना अजून मानक ९च आहे. नियतकालिकांच्या वर्गणीबद्दल त्यातली सूचना मराठी मासिकवाल्यांसाठीच लिहिल्यासारखी आहे: वर्गणी काळानुसार समान वाटा, पण अंकांची किंमत कमीजास्त असेल तर किमतीच्या प्रमाणात वाटा. आपल्याकडे दिवाळी अंक असतोच.

समजा, एका मासिकाच्या साध्या अंकाची किंमत ₹१०० आणि ऑक्टोबरच्या जागी निघणाऱ्या दिवाळी अंकाची ₹४००. अकरा साधे आणि एक दिवाळी मिळून सुटी किंमत ₹१,५०० होते. वार्षिक वर्गणी ₹१,२००, म्हणजे रुपयाला ऐंशी पैसे. मग वर्गणीदाराचा साधा अंक ₹८०चा आणि दिवाळी अंक ₹३२०चा. जुलै २०२५मध्ये वर्गणी भरली की बँक खाते नावे ₹१,२००, आगाऊ वर्गणी खाते जमा ₹१,२००. उत्पन्न अजून शून्य. प्रत्येक अंक रवाना झाला की तेवढी रक्कम आगाऊ वर्गणीला नावे टाकून उत्पन्नाला जमा करायची. ३१ मार्च २०२६पर्यंत नऊ अंक गेले: आठ साधे ₹६४०, दिवाळी ₹३२०, एकूण ₹९६०. शिल्लक ₹२४० हे एप्रिल, मे, जूनच्या तीन अंकांचं देणं आहे.

बाराने भागून मोकळं झालं असतं, तर उत्पन्न ₹९०० आणि देणं ₹३०० दिसलं असतं. एका वर्गणीदारामागे ₹६०ची तफावत, हजार वर्गणीदारांत ₹६०,०००. शिवाय जाडजूड दिवाळी अंकाचा छपाई खर्च मात्र पूर्ण याच वर्षात पडलेला असतो. मग ज्या अंकाने वर्ष तारलं, तोच हिशेबात तोट्यात दिसतो.

प्रत्यक्षात जास्त घडणारी चूक याहून साधी असते. वर्गणी सरळ उत्पन्नात टाकली जाते, किंवा आगाऊ खात्यात टाकल्यावर पुढच्या नोंदी करायच्या राहतात. ताळा घ्यायला खातेवही पुरत नाही, वर्गणीदारांची यादी लागते. ३१ मार्चला प्रत्येकाचे किती अंक जायचे बाकी आहेत ते मोजा, त्यांना अंकाच्या वर्गणीतल्या किमतीने गुणा आणि बेरीज आगाऊ वर्गणीच्या शिल्लकेशी लावून पाहा. शिल्लक जास्त निघाली तर बहुधा गेलेल्या अंकांची नोंद राहिलेली असते, आणि कमी निघाली तर एखादी वर्गणी आल्या दिवशीच उत्पन्नात गेलेली असते. नूतनीकरण मुदतीआधी झालेलं असेल, तर त्या वर्गणीदाराचे बारापेक्षा जास्त अंक बाकी निघतात. यादी एक वर्षाच्या साच्यात बसवलेली असली की तेच अंक मोजणीतून निसटतात.