बोजा नाही, पण वहिवाट आहे: खरेदीखताच्या भाषांतरात गल्लत होते ती इथे

इंग्लंडमध्ये राहणारा मराठी घरातला माणूस नाशिकच्या बाहेर दुकानं बांधण्यासाठी प्लॉट घेतो आहे, असं धरू. त्याच्याकडे ओसीआय कार्ड आहे, म्हणजे तो परदेशी नागरिकत्व घेतलेला भारतीय वंशाचा आहे. खरेदीखत मराठीत आहे आणि त्याचा तिथला वकील इंग्रजी प्रत वाचून पैसे पाठवायचे की नाही ते सांगणार आहे. खतात एक नेहमीचं वाक्य आहे: ‘सदर मिळकतीवर गहाण, दान, लीन, जप्ती, जामीनकी, पोटगी, अन्नवस्त्र वगैरे कोणताही बोजा नसून मिळकत निर्वेध व निजोखमी आहे.’ भाषांतरकार ते एका फटक्यात ‘फ्री फ्रॉम ऑल एन्कम्ब्रन्सेस’ करून टाकतो. वाचायला छान वाटतं. पण त्या वकिलाला त्यातून जे कळतं, ते लिहून देणाऱ्याने म्हटलेलंच नाही.

‘बोजा’ म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांपुढे पैसा येतो. बँकेचं कर्ज, सोसायटीची थकबाकी, कोर्टाची जप्ती. पैसे फेडले की बोजा उतरतो. ‘एन्कम्ब्रन्स’ हा शब्द इंग्रजी वकिलाच्या कानाला याहून बराच मोठा आहे. शेजाऱ्याचा जाण्यायेण्याचा हक्क, गटाराची लाइन नेण्याचा हक्क, असे जमिनीवरचे भारही तो त्यातच धरतो. आपल्या खतांमध्ये अशा हक्कांसाठी वेगळा शब्द आहे, ‘वहिवाट’, आणि तो बोज्याच्या कलमात सहसा नसतोच. तो सापडतो चतुःसीमेत, म्हणजे मिळकतीच्या चारही बाजूंना काय आहे ते सांगणाऱ्या वर्णनात.

म्हणून हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहू. बोजा कागदावर जन्मतो आणि कागदावरच मरतो. बँक बेबाकी दाखला देते, तलाठ्याकडे फेरफार होतो आणि सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यातल्या जुन्या नोंदीला कंस पडतो. या कंसाचा अर्थ ‘ही नोंद आता नाही’ असा. सातबारा भाषांतराला येतो तेव्हा अनेकजण कंस टायपिंगची लकब समजून गाळतात आणि फेडलेलं कर्ज इंग्रजीत पुन्हा जिवंत होतं. उलटंही होतं. कंस नसलेल्या नोंदीला ‘जुनी दिसते’ म्हणून सोडून दिलं जातं. कंस असेल तर भाषांतरात कंस ठेवावा आणि ‘मूळ नोंदीस कंस आहे’ असं स्पष्ट लिहावं. कर्ज खरंच फिटलं का, हे ठरवणं आपलं काम नाही.

वहिवाटीला मात्र कागद लागतोच असं नाही. भारतीय सुविधाधिकार कायदा 1882 नुसार एखादा रस्ता हक्क म्हणून, उघडपणे, शांतपणे आणि खंड न पडता 20 वर्षं वापरला, तर वापरणाऱ्याचा त्यावर हक्क तयार होऊ शकतो. त्याचं रजिस्ट्रेशन झालेलं नसतं. त्यामुळे वकिलाने 30 वर्षांचा सर्च घेतला, नोंदणी झालेल्या दस्तांची सूची म्हणजे इंडेक्स टू चाळला, तरी तो तिथे दिसणार नाही. प्लॉट विकला गेला की बोजा फेडून मोकळं होता येतं, वहिवाट मात्र जमिनीबरोबर नव्या मालकाकडे जाते.

त्यात ‘वहिवाट’ हा शब्दच तीन तोंडांचा. ‘खरेदी देणार यांच्या मालकी व प्रत्यक्ष वहिवाटीची मिळकत’ यात तो ‘पझेशन’ आहे. ‘वहिवाटीचा रस्ता’ म्हणजे ‘राइट ऑफ वे’. ‘कुळवहिवाट’ म्हणजे ‘टेनन्सी’. तिन्ही ठिकाणी एकच इंग्रजी शब्द लावणाऱ्याच्या हातून प्लॉटवर कूळ बसतं किंवा रस्ता गायब होतो. (‘अन्नवस्त्र’ची गंमत तर वेगळीच. शब्दशः केलं तर ‘या जमिनीवर अन्न व कपडे नाहीत’ असं होतं. खरा अर्थ कुटुंबातल्या कुणाचा पोटापाण्याचा हक्क मिळकतीवर नाही, एवढाच.)

आता आपला प्लॉट. वर्णन असं: ‘गट नं. 213 पैकी बिनशेती प्लॉट, क्षेत्र 0 हे. 12 आर, पूर्व-पश्चिम 40 मीटर, दक्षिण-उत्तर 30 मीटर. उत्तरेस: 3 मीटर रुंदीचा वहिवाटीचा रस्ता व त्यापलीकडे गट नं. 214.’ बारा आर म्हणजे 1200 चौरस मीटर, आणि 40 गुणिले 30 म्हणजेही 1200. आकडे जुळतात. (इथे ‘आर’ला ‘गुंठा’ लिहिलं तर गुंठा साधारण 101 चौरस मीटरचा असल्याने 14 चौरस मीटर हवेतून येतात. आणि ‘पैकी’ गळलं, तर इंग्रजीत सगळा गटच विकला जातो.) बोज्याचं कलम स्वच्छ आहे. मग अडलं कुठे?

अडलं रस्त्यापाशी. तो प्लॉटच्या बाहेर आहे की आत? चतुःसीमा वाचली तर बाहेर वाटतो, कारण सीमा म्हणजे पलीकडचं. पण भूमी अभिलेख खात्याच्या मोजणी नकाशाची ‘क’ प्रत घेऊन दक्षिणेच्या हद्दीपासून गट 214 च्या हद्दीपर्यंत अंतर मोजा. ते 33 मीटर भरलं तर रस्ता बाहेर आहे आणि 1200 पूर्ण आपले. ते 30 च भरलं, तर रस्ता प्लॉटच्याच पोटात आहे. 40 गुणिले 3, म्हणजे 120 चौरस मीटर, दहावा हिस्सा, जिथे भिंत घालता येणार नाही. पैसे मात्र 12 आरचेच दिले जातील.

क्षेत्र आणि सीमा यांचा मेळ बसला नाही तर कोर्टं साधारणपणे स्पष्ट सीमांना झुकतं माप देतात. म्हणूनच भाषांतरकाराने आपल्या हाताने काहीही ‘दुरुस्त’ करू नये. एकदा माझ्याच हातून असं झालं. खतात ‘उत्तरेस वहिवाटीचा रस्ता’ होतं, मी ते सोपं करायला ‘पब्लिक रोड’ लिहिलं. सार्वजनिक रस्ता आणि शेजाऱ्याचा जाण्यायेण्याचा हक्क यांत जमीन-अस्मानाचं अंतर. तपासणाऱ्या वकिलाने तो कुठल्या ग्रामपंचायतीचा, असं विचारलं, तेव्हा माझे डोळे उघडले.

तोच शब्द खताच्या शेवटी उलट बाजूने येतो, हेही ध्यानात असू द्यावं. ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह आणि जाण्यायेण्याच्या वहिवाटीच्या हक्कांसह’ असं म्हटलेलं असतं तिथे वहिवाट भार नसते, मिळकत असते. प्लॉटला स्वतःचा रस्ता नसून शेजारच्या गटातून यायचं असेल, तर विकणाऱ्याने घेणाऱ्याच्या हाती दिलेली खरी किल्ली हीच. चतुःसीमेतली वहिवाट दुसऱ्याची आणि इथली आपली, हे भाषांतरात ‘सब्जेक्ट टू’ आणि ‘टुगेदर विथ’ या दोन शब्दप्रयोगांनी वेगळं दिसलं पाहिजे.

‘बिनशेती’ही नुसतं ‘प्लॉट’ करून सोडू नका, कारण अनिवासी भारतीय आणि ओसीआयधारक यांना व्यापारी मिळकत घेता येते, शेतजमीन नाही. बिनशेती आदेशाचा क्रमांक व तारीख खतात असेल तर ती जशीच्या तशी यावी.

बोज्याचं कलम मी आता असं करतो: ‘गहाण, दान, लीन, जप्ती...’ यांतलं एकेक नाव आधी वेगळं लिहितो, ‘वगैरे’ला ‘अशा प्रकारचे इतर’ म्हणतो आणि खाली टीप देतो: ‘मूळ मराठी शब्द बोजा असून त्यात जाण्यायेण्याच्या हक्काचा स्वतंत्र उल्लेख नाही. उत्तर सीमेचं वर्णन सोबत वाचावे.’ त्या टिपेनंतर इंग्लंडहून पहिला प्रश्न ‘क’ प्रतीबद्दल येतो.