दंड नसलेला करार : अंतर्गत एसएलएची कलमं आली कुठून

कंपनीच्या आयटी विभागाने आपल्याच लेखा विभागासाठी तयार केलेला सेवापातळी करार, म्हणजे एसएलए, वाचायला घेतला की त्यात बहुतेक वेळा चार गोष्टी असतात. सेवा महिन्यात किती टक्के वेळ चालू राहील, तक्रारीची दखल किती वेळात घेतली जाईल, ती किती वेळात सुटेल, आणि हे जमलं नाही तर काय. या चारही एकदम सुचलेल्या नाहीत. चौथी तर मुळात दुसऱ्याच्या घरची आहे, आणि मसुदा करताना सगळ्यात जास्त तीच अडते.

मेनफ्रेमच्या दिवसांत विभाग पंच कार्डांचा गठ्ठा संगणक कक्षाकडे द्यायचे आणि काही तासांनी, नाहीतर दुसऱ्या सकाळी, छापील कागद घेऊन जायचे. वाद असायचा तो एवढाच, की पगारपत्रक सकाळपर्यंत हातात पडेल का. नंतर टेबलांवर टर्मिनल आले आणि तोच वाद तासांवरून सेकंदांवर उतरला. आयबीएमच्या डोहर्टी आणि थडानी यांनी १९८२ मध्ये मांडलं, की संगणकाचा प्रतिसाद एका सेकंदाच्या आत आला तर माणसाचं काम नुसतं तेवढा वेळ वाचल्यामुळे व्हावं त्याहून जास्त वेगाने होतं, कारण त्याची तंद्री तुटत नाही. या सगळ्यात घड्याळ लावलेलं होतं ते वापरणाऱ्याच्या खुर्चीपाशी. पण तिथे मोजणं अवघड. सर्व्हरपाशी मोजणं सोपं. त्यामुळे घड्याळ हळूहळू आत सरकलं, आणि ‘उपलब्धता’ म्हणजे यंत्र चालू असणं असा अर्थ रूढ झाला. लेखा विभागातला माणूस लॉगिन करू शकतोय की नाही, हा प्रश्न आकड्याबाहेर राहिला.

१९८९ साल या गोष्टीत दोनदा येतं. ब्रिटिश सरकारच्या सीसीटीए या संस्थेने तेव्हा आयटीआयएल नावाने मार्गदर्शक पुस्तकं काढायला सुरुवात केली, आणि सुरुवातीच्या पुस्तकांपैकी एक होतं सेवापातळी व्यवस्थापनावर. त्याच वर्षी कोडॅकने आपली डेटा सेंटर चालवण्याचं काम आयबीएमला दिलं, आणि मोठ्या कंपन्यांनी आयटी बाहेर सोपवण्याची लाट सुरू झाली. पहिल्या वाटेवर एसएलए हा ग्राहक-विभागाशी बोलून ठरवलेला समजुतीचा कागद होता. दुसऱ्या वाटेवर तो वकिलांनी तपासलेला व्यापारी दस्तऐवज झाला: पातळी चुकली तर बिलातून ठरावीक रक्कम वजा.

अंतर्गत मसुदा लिहायला बसलेल्या माणसाला नमुना म्हणून हाताशी सापडतो तो बहुधा दुसऱ्या जातीचा. तो विक्रेत्याचं नाव खोडून तिथे आपल्या विभागाचं नाव घालतो. पण एकाच कंपनीच्या डाव्या खिशातून उजव्या खिशात गेलेल्या दंडाने कोणाचं काय बिघडणार? दंडाची भीती जाते, दंड टाळण्यासाठी घडवलेली भाषा मात्र तशीच राहते. व्याख्या, अपवाद, घड्याळ थांबवण्याच्या अटी. माझ्या मते अंतर्गत एसएलएवरचा विभागांचा निम्मा राग या भाषेमुळेच असतो.

एक तिकीट घेऊ. करारात सेवेचे तास सोमवार ते शुक्रवार ९ ते ६, आणि या प्राधान्याच्या तक्रारीला ८ कामकाजाचे तास. लेखा विभागातून शुक्रवारी दुपारी ४:४० ला तिकीट येतं: पुरवठादारांच्या पेमेंटची फाइल तयार होत नाही. ६ वाजेपर्यंत १ तास २० मिनिटं. सोमवारी साडेनऊला तंत्रज्ञ विचारतो, ‘एररचा स्क्रीनशॉट पाठवा’, आणि तिकिटाची स्थिती ‘पेंडिंग – युजर’ करून टाकतो. आणखी अर्धा तास. तिकीट टाकणारी व्यक्ती मीटिंगमध्ये. उत्तर येतं अडीच वाजता. ती ५ तासांची वाट मोजलीच जात नाही. अडीच ते सहा ३ तास ३० मिनिटं, मंगळवारी ९ ते ११ दोन तास, आणि काम फत्ते. बेरीज ७ तास २० मिनिटं. अहवालात हिरवा चौकोन.

लेखा विभागाच्या हिशोबाने शुक्रवार ४:४० ते मंगळवार ११, म्हणजे ९० तास २० मिनिटं. दोघंही खरं बोलतायत. या प्रकाराला आयटीवाले आपसात ‘कलिंगड’ म्हणतात: बाहेरून हिरवं, आत लाल.

ओळखायचं कसं? ‘पेंडिंग’मध्ये गेलेला वेळ वेगळा काढून बघावा. मुदत संपायच्या थोडं आधी तिकिटं धडाधड त्या स्थितीत जात असतील, तर घड्याळ ग्राहकासाठी नाही, अहवालासाठी थांबतंय. मसुद्यात म्हणून दोन वाक्यं हवीत. नेमकी कोणती माहिती हवी ते लिहून आणि एकदा फोन करून झाल्यावरच घड्याळ थांबेल. आणि मासिक अहवालात दोन्ही वेळा शेजारी शेजारी छापल्या जातील, घड्याळाची आणि कॅलेंडरची.

आयटीआयएलने आणखी एक उपयोगी वाटणी रुजवली. आयटीतल्या तुकड्यांचा आपसातला करार म्हणजे ओएलए, बाहेरच्या पुरवठादाराशी असलेला करार वेगळा, आणि या दोन्हींच्या आधारावर एसएलए. नेटवर्कची तुकडी तिच्याकडे आलेलं काम ६ तासांत हातात घेणार असेल, तर हेल्पडेस्कने विभागाला ४ तासांचा शब्द देणं फोल आहे. तरी मसुदे बहुतेकदा वरून खाली लिहिले जातात: आधी विभागाला आवडेल असा आकडा, मग तो जमतो का याचा शोध.

दंडाची रिकामी जागा मात्र बराच काळ तशीच राहिली. तिथे बसेल अशी गोष्ट आली वेगळ्याच बाजूने. गूगलने आपल्या सेवा चालवण्याची पद्धत २०१६ मध्ये पुस्तकरूपाने मांडली, त्यात ‘एरर बजेट’ ही कल्पना होती. १०० टक्क्यांतून ठरलेलं लक्ष्य वजा केलं की उरतो तो बिघाडाचा खर्च करायला मिळालेला वेळ. तो संपला की नवे बदल थांबवायचे.

ही अट घरातल्या घरात खरोखर अमलात येते. ९ तासांचे २२ दिवस म्हणजे महिन्याला १९८ तास. लक्ष्य ९९.५ टक्के धरलं तर बजेट जेमतेम ५९ मिनिटांचं. १२ तारखेपर्यंत ते सगळं संपलं असेल, तर लेखा प्रणालीतली कोणतीही नवी आवृत्ती पुढच्या महिन्यावर जाते, भले ती लेखा विभागानेच मागितलेली असो. म्हणजे अट दोन्ही बाजूंना जाचते, आणि म्हणूनच ती विभागप्रमुखाच्या सहीने करारात यायला हवी. तो सहसा कुरकुरतो. त्या बदल्यात त्याला जे हवं असतं ते द्यावं: महिन्याचे शेवटचे तीन दिवस आणि पुढचे दोन वेगळे मोजायचे, त्यांचं बजेट वेगळं, आणि त्या पाच दिवसांत बदल पूर्ण बंद. नाहीतर ३० तारखेला दुपारी ४५ मिनिटं बंद पडलेली प्रणाली महिन्याच्या सरासरीत ९९.६ टक्के होऊन बसते, आणि त्या दुपारी पुस्तकं बंद करायला बसलेल्यांना तो आकडा दाखवायची हिंमत कोणी करू नये.