दही फ्रिजमध्ये आंबट होतं, पण त्याची तयारी बाहेरच झालेली असते

दही फ्रिजमध्ये ठेवलं तरी दोन दिवसांत आंबट ढाण होतं ही तक्रार सगळ्यांची असते आणि दोष बहुतेक वेळा फ्रिजवर नाहीतर दुधावर जातो. पण दही लागल्यापासून ते खरंच गार होईपर्यंतचा वेळ जास्त महत्त्वाचा असतो. आपण तो मोजतच नाही.

आधी दही लागतं म्हणजे काय होतं ते बघू. विरजणातले बॅक्टेरिया दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खातात आणि लॅक्टिक अ‍ॅसिड बनवतात. दुधाचा पीएच साधारण 6.6 असतो, अ‍ॅसिड वाढेल तसा तो खाली येतो. चांगल्या तापवलेल्या दुधात 5.3 च्या आसपास प्रोटीनचे कण एकमेकांना चिकटायला लागतात आणि 4.6 पर्यंत त्यांची पूर्ण जाळी तयार होते. यालाच आपण दही लागलं म्हणतो. गंमत अशी की दही लागलं हे आपल्याला दिसतं, पण बॅक्टेरियांना त्याचं काही सोयरसुतक नसतं, त्यांचं काम चालूच राहतं. खायलाही भरपूर उरलेलं असतं, कारण दही लागेपर्यंत दुधातल्या साखरेचा जेमतेम पाव हिस्सा संपलेला असतो.

म्हणून उबेत राहिलेलं दही आंबट होतच जातं. पीएच 4.5 ला चव सौम्य असते, 4 च्या जवळ गेलं की दात आंबतात. आकडा अर्ध्या अंकानेच उतरलेला दिसतो पण ही मोजपट्टी वेगळी आहे, 4.6 वरून 4.2 वर आलं तरी हायड्रोजन आयन अडीच पट होतात.

फ्रिजमध्ये 4-5 डिग्रीला हे काम खूप मंदावतं, पण थांबत नाही. त्यातल्या त्यात लॅक्टोबॅसिलस जातीचे बॅक्टेरिया चिवट असतात, दुसरे थकून बसतात तेवढ्या आंबट दह्यातही ते अ‍ॅसिड बनवत राहतात. त्यामुळे उशीर केला की दुहेरी तोटा होतो. एकतर दही आधीच जास्त आंबट होऊन आत जातं आणि दुसरं म्हणजे अशा आंबटपणातही टिकणाऱ्या बॅक्टेरियांची फौज मोठी होऊन आत जाते, मग थंडीतही रोज थोडं थोडं अ‍ॅसिड बनवणारे हात जास्त असतात. लागलेल्या दह्यात एका ग्रॅममध्ये दहा कोटींच्या पुढे बॅक्टेरिया असतात, त्यामुळे "थोडं थोडं" पण जाणवतं.

मग नेमकं कधी उचलायचं? बरेच जण दही घट्ट व्हायची वाट बघतात आणि तिथेच उशीर होतो. गरम असताना दही मऊच असतं, गार झालं की प्रोटीनचे कण थोडे फुगतात आणि जाळी कडक होते, म्हणजे घट्टपणाचा बराचसा भाग फ्रिजमध्येच येतो. उबेत असताना सुरीने कापता येईल असं दही झालं असेल तर बहुतेक वेळा वेळ टळून गेलेली असते.

बघायची खूण सोपी आहे. भांडं हळूच तिरकं करा. दूध वाहत येत नाही, सगळं एकसंध राहतं आणि फक्त मधे थरथरतं, तर उचला. दह्यावर किंवा कडेला पिवळट पाणी दिसायला लागलं असेल तर उशीर झाला, जाळी आवळून पाणी सोडायला लागली. आणि उलट, मधोमध अजून पातळ दूध हलत असेल तर घाई करू नका. पीएच 5 च्या वरच गार केलं तर जाळी अर्धवट राहते, दही सरबरीत होतं आणि चमचा लावला की पाणी सुटतं. अशा वेळी न हलवता परत कोमट जागी ठेवलं तर बॅक्टेरिया पुढे काम सुरू करतात, मेलेले नसतात ते.

आता खरा घोळ. आपल्याला वाटतं फ्रिजमध्ये ठेवलं म्हणजे गार झालं. पण दूध पातळ असतं तेव्हा गरम दूध वर आणि गार दूध खाली असं फिरतं आणि लवकर निवतं, दही एकदा लागलं की आतलं काहीच फिरत नाही. उष्णता आतून बाहेर हळूहळू झिरपते आणि वरून फ्रिजमधली हवा ती फार हळू उचलते. त्यामुळे भांडं हाताला बाहेरून गार लागतं तेव्हा मध्यभाग अजून चांगला कोमट असतो.

एक उदाहरण घेऊ. समजा एक लिटर दूध 40 डिग्रीला विरजलं आणि साडेचार तासांनी ते वरच्या खुणेपर्यंत आलं. तेच दही एका खोल पातेल्यात असेल, साधारण 11 सेंटिमीटर उंच आणि तेवढंच रुंद, तर मधला भाग गार व्हायला कितीतरी तास लागतात आणि तोपर्यंत तिथे आंबवणं चालूच. हेच एक लिटर चार-पाच वाट्यांत लावलं असेल, जाडी साधारण 5 सेंटिमीटर, तर वेळ निम्म्यावर किंवा त्याहूनही कमी येतो. जाडी निम्मी केली की आतून उष्णता बाहेर यायला जवळपास चौथा हिस्सा वेळ लागतो, पण फ्रिजच्या हवेमुळे प्रत्यक्षात फायदा तेवढा पूर्ण मिळत नाही. तो मिळवायचा असेल तर फ्रिजच्या आधी भांडं अर्धा तास गार पाण्यात ठेवा, बर्फ घातलं तर अजून बरं, दह्याच्या पातळीपर्यंत पाणी हवं. पाणी हवेपेक्षा कितीतरी पट वेगाने उष्णता काढून घेतं. फक्त ढवळू नका, भांडं आपटू नका, जाळी अजून नाजूक असते.

मोठ्या पातेल्यातच लावायचं असेल तर उपाय एकच, थोडं आधी उचला. मधला भाग गार होईपर्यंत पीएच अजून उतरणारच आहे, तेव्हा आत जे पुढे घडणार आहे त्याची सोय आधीच धरायची. म्हणजे मधे अजून थरथर जास्त असताना, पण वाहत नसताना. डेअऱ्यांमध्येही पीएच हव्या त्या शेवटच्या आकड्याच्या थोडा वरच असताना गार करायला घेतात, याच कारणासाठी.

फ्रिजमध्ये जागा आतली द्या, दारातली नको, कारण दार उघडलं की तिथलं तापमान सगळ्यात आधी वाढतं. आणि मोठं भांडं रोज बाहेर काढून टेबलावर तासभर ठेवत असाल तर सगळी मेहनत तिथेच जाते, हवं तेवढं काढून लगेच परत आत.

राहिलं विरजण. चार दिवस जुन्या, कडक आंबट दह्याचा चमचा घातला तर त्यात आंबटपणा सहन करणारे लॅक्टोबॅसिलसच जास्त टिकलेले असतात, पुढचं दही त्यांच्याच वळणावर जातं. म्हणून दही गार झालं की त्याच दिवशी दोन चमचे वेगळ्या डबीत काढून ठेवायचे आणि पुढच्या वेळी तेच वापरायचे, तळाशी उरलेलं नाही.