चालीचं गणित कमरेत

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये गेमसाठी मोजक्या चौकोनी पृष्ठांनी बनलेलं पात्र पहिल्यांदा चालवताना बहुतेकांचं लक्ष पायांवर असतं. चाल बिघडते ती मात्र कमरेच्या उंचीमुळे.

समजा, पात्राचा पाय खुब्यापासून घोट्यापर्यंत ९० सेंमी आहे आणि एक पाऊल ७० सेंमीचं. टाच टेकते त्या क्षणी, म्हणजे कॉन्टॅक्ट पोझमध्ये, एक पाय ३५ सेंमी पुढे आणि दुसरा तेवढाच मागे असतो. पायथागोरसला विचारलं तर खुबा घोट्यापासून फार तर ८३ सेंमी उंच राहू शकतो. कंबर ९० वरच ठेवली, तर पाय जमिनीला पुरणारच नाहीत. मागची टाच उचललेली असल्याने थोडी सूट मिळते, पण ८३ धरून चालू.

सेकंदाला २४ फ्रेम आणि दोन पावलांचं आवर्तन एका सेकंदाचं धरलं, तर पहिला कॉन्टॅक्ट फ्रेम १ वर येतो. पोझ कॉपी करून फ्रेम १३ वर Ctrl+Shift+V दाबलं की डावं-उजवं उलटून बसतं; त्यासाठी पात्राच्या सांगाड्यातल्या डाव्या-उजव्या हाडांच्या नावांना .L आणि .R लावलेलं हवं. फ्रेम २५ वर पहिलीच पोझ पुन्हा, पण आवर्तन २४ वर थांबवायचं. नाहीतर तीच पोझ दोनदा दिसते आणि चाल दर सेकंदाला अडखळते.

फ्रेम ७ ची पोझ पासिंग. टेकलेला पाय थेट अंगाखाली, दुसरा गुडघ्यात वाकून त्याच्या शेजारून पुढे जातोय. इथे कंबर ८७ वर ठेवा. पूर्ण ९० दिली तर पाय काठीसारखा ताठ होतो आणि पुढच्या फ्रेमला गुडघा खटकन मोडतो. एकेक फ्रेम पुढे सरकवून पाहिलं की हा झटका लगेच सापडतो. फ्रेम १० वर अप पोझ: टेकलेल्या पायाची टाच उचलली जाते, पंजा अंगाला वर रेटतो, कंबर ८९. खऱ्या माणसाची कंबर साधारण पासिंगलाच सर्वांत उंच असते. अ‍ॅनिमेटर ती थोडी उशिरा चढवतात, कारण त्यामुळे पाऊल पुढे पडताना वजन जाणवतं. मला ही लबाडी पटते. ७ आणि १० च्या पोझही उलटून १९ आणि २२ वर लावा.

राहिली पाय घसरण्याची तक्रार. पात्र जागच्या जागी चालत असताना टेकलेला पंजा फ्रेम १ ते १३ एकसारख्या वेगाने मागे सरकला पाहिजे: ७ ला शून्यावर, १० ला साडेसतरा सेंमी मागे. ब्लेंडर मूळ सेटिंगमध्ये कीफ्रेमपाशी, म्हणजे आपण पोझ नोंदवलेल्या फ्रेमपाशी, वेग मंदावतं, म्हणून तेवढ्या भागाला एकसारख्या वेगाचं Linear सेटिंग लावा. मग गेममध्ये पात्राचा वेग सेकंदाला १.४ मीटर ठेवा, कारण सेकंदाला ७० सेंमीची दोनच पावलं पडताहेत. २ मीटर ठेवला, तर ते बर्फावर चालल्यासारखं दिसेल.