भराभर श्वासाने तोंडाभोवती आणि बोटांना येणाऱ्या मुंग्या

घाबरल्यावर माणूस नकळत भराभर श्वास घ्यायला लागतो आणि थोड्याच वेळात ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, कधीकधी तर बोटं ताठ होऊन पंजाच वाकडा होतो. रक्तातलं कॅल्शियम कमी झालं तरी अगदी हेच होतं, म्हणून दोन्हींत गल्लत होते, आणि गंमत म्हणजे आतली यंत्रणाही बऱ्यापैकी सारखीच आहे.

जास्त श्वासाने कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, रक्त थोडं अल्कलाइन होतं, मग अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन जास्त कॅल्शियम धरून ठेवतं आणि मोकळं, म्हणजे आयोनाइज्ड कॅल्शियम घटतं. नसांना हे मोकळंच कॅल्शियम लागतं, ते घटलं की त्या उगाच सिग्नल सोडायला लागतात (अल्कलाइन रक्ताचा नसांवर थेट परिणाम होतो तो वेगळाच). पण एकूण कॅल्शियम तेवढंच राहतं, त्यामुळे नेहमीचा रिपोर्ट नॉर्मल येतो आणि लोक म्हणतात "काही नाही, मनाचे खेळ". मुंग्या मात्र खऱ्याच असतात.

ओळखायचं कसं? श्वासामुळे असेल तर श्वास शांत झाल्यावर मुंग्या साधारण काही मिनिटांत ओसरतात. खरंच कॅल्शियम कमी असेल तर माणूस निवांत बसलेला असतानाही त्या येत राहतात, पायात गोळे येतात.

समजा एकाचं थायरॉइडचं ऑपरेशन झालंय आणि दुसऱ्या दिवशी ओठ बधिर वाटायला लागले, तो घाबरला, श्वास वाढला, मुंग्या अजून वाढल्या. बघणाऱ्याला वाटणार टेन्शन आहे, कारण टेन्शन दिसतंच आहे! पण ऑपरेशनमध्ये थायरॉइडला चिकटलेल्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथींना धक्का लागला असू शकतो, आणि श्वास शांत करूनही ओठ बधिरच राहिले, तपासणीत एकूण कॅल्शियम 7.2 आलं (नॉर्मल साधारण 8.5 ते 10.5 मिलीग्रॅम प्रति डेसीलिटर), तर खरं कारण कॅल्शियमच, भीती नंतर आली. कमी कॅल्शियममुळे स्वतःहूनही बेचैनी होऊ शकते, म्हणून घाबरलाय एवढ्यावरून निकाल लावू नये. किडनीचा आजार, ड जीवनसत्त्व किंवा मॅग्नेशियम फार कमी असणं, यातही तसंच, आधी रक्त तपासायचं. अल्ब्युमिन कमी असेल तर एकूण आकडा उगाच कमी दिसतो, तेव्हा आयोनाइज्ड कॅल्शियम बघतात.

गालावर टिचकी मारून ओठ उडतो का बघायची जुनी खूण आहे, पण ती निरोगी माणसांतही कधीकधी दिसते. बीपीचा पट्टा वरच्या बीपीपेक्षा जास्त फुगवून 3 मिनिटं ठेवला आणि पंजा वाकडा झाला तर ती खूण जास्त भरवशाची, तरी भराभर श्वास चालू असताना तीही फसवू शकते.

तोंडाला कागदी पिशवी लावायचा जुना उपाय आता टाळतात, कारण दम्याने किंवा हृदयाच्या त्रासाने श्वास वाढलेला असेल तर ऑक्सिजन धोकादायक कमी होतो. नुसतं हळू, लांब श्वास सोडणं बरं. फिट आली, छातीत दुखलं, घशात आवळल्यासारखं झालं किंवा एकाच बाजूला बधिरपणा आला तर मात्र थेट इमर्जन्सीत जायचं.