कार्बोरेटर गेला तेव्हा : पुण्यातल्या एम्बेडेड नोकऱ्यांची पार्श्वभूमी

पुणे-चाकण पट्ट्यात आज एम्बेडेड इंजिनिअरांना जी कामं मिळतात, त्यांतली बरीचशी वाहनांच्या धुरावरच्या कायद्यांमुळे तयार झाली. 2016 मध्ये केंद्र सरकारने बीएस-5 हा टप्पा गाळून थेट बीएस-6 वर जायचं ठरवलं आणि 1 एप्रिल 2020 पासून ते लागू झालं. बहुतेक नव्या मोटरसायकलींतून कार्बोरेटर गेला आणि त्याच्या जागी इंजेक्टर, सेन्सर आणि एक छोटा कंट्रोलर, म्हणजे ईसीयू, आला. त्याआधीच एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं होतं. जे काम स्क्रू पिळून आणि जेट बदलून व्हायचं, ते आता कोणीतरी सी भाषेत लिहायला हवं होतं.

हे काम किती बारीक आहे, ते एका हिशेबावरून कळतं. इंजिन 6000 आरपीएमवर चाललंय असं धरू. म्हणजे सेकंदाला 100 फेरे, एका फेऱ्याला 10 मिलिसेकंद. त्याला 360 ने भागलं की क्रँकशाफ्टच्या एका अंशाला जेमतेम 28 मायक्रोसेकंद येतात. ठिणगी दोन-तीन अंश चुकली तरी इंजिन ठोकायला लागतं किंवा ताकद मारली जाते.

आता इंटेलचा 1980 चा 8051 हा मायक्रोकंट्रोलर घ्या. आपल्याकडच्या कॉलेजांत पिढ्यान्‌पिढ्या हाच शिकवला गेला. 12 मेगाहर्ट्झवर त्याचं एक मशीन सायकल 1 मायक्रोसेकंदाचं असतं आणि बहुतेक सूचनांना एक किंवा दोन सायकल लागतात. म्हणजे एका अंशात फार तर 28 सूचना. तेवढ्यात इंटरप्ट घ्यायचा, वेळ वाचायची, गणित करायचं आणि पिन हलवायची, हे बसत नाही. म्हणून इंजिनसाठीच्या कंट्रोलरमध्ये इनपुट कॅप्चर आणि आउटपुट कम्पेअर असतात. क्रँकचा दात सेन्सरसमोरून गेला की ती वेळ हार्डवेअर स्वतःच रजिस्टरमध्ये टिपून ठेवतं, आणि ठरलेल्या क्षणी पिनही स्वतःच बदलतं. प्रोग्रॅमने फक्त पुढची वेळ आधी भरून ठेवायची. मूळ 8051 मध्ये दोन टायमर होते, पण कॅप्चर नव्हतं.

माझ्या मते कौशल्याची खरी पायरी इथे आहे. एलईडी लुकलुकवणं आणि एलसीडीवर नाव दाखवणं ही पहिली पायरी. डेटाशीट उघडून टायमरचं रजिस्टर स्वतः लावणं आणि निघालेली पल्स ऑसिलोस्कोपवर मोजून पाहणं ही दुसरी. मुलाखतीत बहुतेक उमेदवार या दुसऱ्या पायरीवरच अडतात, कारण लायब्ररीचं तयार फंक्शन वापरून प्रोजेक्ट पूर्ण झालेलं असतं आणि आतलं रजिस्टर कधी पाहिलेलंच नसतं.

तिसरी पायरी कॅन बसची. बॉशने ती 1986 मध्ये जगापुढे मांडली. तोवर प्रत्येक सिग्नलला वेगळी तार लागायची आणि गाडीतला वायरिंग हार्नेस जाड होत चालला होता. कॅनमध्ये दोन तारांवर सगळे कंट्रोलर बोलतात. त्यातला बिघाड शोधायची सुरुवात लॅपटॉपने करू नका. आधी बॅटरी काढा आणि कॅन-हाय नि कॅन-लो यांच्यात मल्टिमीटर लावा. दोन्ही टोकांना 120 ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून 60 ओहम यायला हवेत. 120 आले तर एका टोकाचा रेझिस्टर जोडलेला नाही किंवा मध्ये तार तुटली आहे. 40 आले तर कोणीतरी तिसरा लावून ठेवलाय. आणि शून्याच्या जवळ आले तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. टेबलावर हातभर तारेने चाललेली जोडणी गाडीत बसवल्यावर मधूनच एरर देते, तेव्हा कारण बरेचदा एवढंच असतं.

त्यावरची पायरी प्रक्रियेची आहे: सी सुरक्षितपणे लिहायचे मिस्रा-सीचे नियम, गाडीतल्या सॉफ्टवेअरची ऑटोसारची मांडणी, 2011 मध्ये आलेलं गाड्यांतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या सुरक्षेचं मानक आयएसओ 26262. हे घरी बसून फारसं शिकता येत नाही, प्रोजेक्टवरच अंगवळणी पडतं. म्हणून फ्रेशरला नियमांच्या नावांवरून घाबरायचं कारण नाही.

आत शिरायची वाट बहुतेकांसाठी टेस्टिंगची असते. एचआयएल, म्हणजे हार्डवेअर-इन-द-लूप, बेंचवर खोटं इंजिन उभं करून खऱ्या ईसीयूला सिग्नल दिले जातात, सेन्सरची तार मुद्दाम तोडली जाते, आणि डॅशबोर्डवरचा दिवा लागतो का ते पाहिलं जातं. बीएस-6 सोबत दुचाकींतही ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःचा बिघाड ओळखायची सोय, आली आणि हे काम खूप वाढलं. कोडिंग मिळालं नाही म्हणून मुलं ते नाकारतात, पण गाडी नेमकी कुठे चुकते हे इतक्या लवकर दुसरीकडे कुठे कळत नाही. सी-डॅकचा एम्बेडेड डिप्लोमा करून या वाटेने गेलेले लोक नंतर डेव्हलपमेंटला वळलेले दिसतात.

ज्यांना सोल्डरिंग आयर्न हातातून सोडवत नाही, त्यांच्यासाठी आता इलेक्ट्रिक वाहनांनी दुसरं दार उघडलं आहे. बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या सर्किटमध्ये, म्हणजे बीएमएसमध्ये, प्रत्येक सेलचं व्होल्टेज काही मिलिव्होल्टच्या आत मोजावं लागतं, आणि तेही शेजारी मोटर कंट्रोलर सेकंदाला हजारो वेळा मोठा करंट चालू-बंद करत असताना. तिथे ग्राउंडची वाट कुठून न्यायची आणि फिल्टर कुठे बसवायचा हे बोर्डाच्या लेआउटमध्येच ठरतं. ते चुकलं तर पुढे कितीही चांगला कोड लिहिला तरी रीडिंग उड्या मारतच राहतं, आणि बोर्ड विद्युतचुंबकीय गोंगाटाच्या ईएमसी चाचणीत नापास होऊन परत येतो.